सुरुवात कोणत्या फ्लॅशपासून?

प्रश्न : भाच्याबरोबर ‘द फ्लॅश’ हा चित्रपट पाहिला आणि मूळ कॉमिक्स वाचायची हुक्की आली. दुकानात चौकशी केली तर समोर तीन जाडजूड पुस्तके आली. एकावर ‘गोल्डन एज’, दुसऱ्यावर ‘सिल्व्हर एज’, तिसऱ्यावर यातले काहीच नाही, फक्त लेखकाचे नाव. तिन्हींतला फ्लॅश वेगळा माणूस आहे म्हणे! ही युगे काय भानगड आहे? आणि मला तिन्ही घेणे परवडणार नाही, तर आधी कोणते घ्यावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिसरे घ्या. त्यावरचे नाव मार्क वेड असेल तर डोळे झाकून घ्या. नंतर दुसरे, आणि पहिले सर्वांत शेवटी, तेही जमल्यास. उलट्या क्रमाने वाचायला सांगतो आहे म्हणून चमकू नका, कारणे पुढे येतीलच.

तुम्ही नकळत अगदी योग्य पात्र निवडले आहे. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन यांचे अंक १९४० च्या आसपास सुरू झाले ते अखंड निघत राहिले. त्यामुळे त्यांच्या बाबतीत एक युग कुठे संपले आणि दुसरे कुठे उजाडले हे दाखवताना जाणकारही अडखळतात. फ्लॅशचे तसे नाही. तो बंद पडला, नव्याने सुरू झाला, मेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. प्रत्येक युगाला आपापला फ्लॅश आहे, आणि युगांची नावेच शिकायची तर या तिघांच्या पायांमागून धावणे सोपे पडते.

पहिला जे गॅरिक. एप्रिल १९३८ मध्ये ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातून सुपरमॅन आला, दहा सेंटांना चौसष्ट पाने, आणि तो असा काही खपला की न्यूयॉर्कच्या प्रत्येक प्रकाशकाला आपलाही एक झगेवाला हवासा झाला. सुवर्णयुग म्हणतात ते इथून. जानेवारी १९४० ची तारीख असलेल्या ‘फ्लॅश कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि हॅरी लँपर्ट या चित्रकाराने जे गॅरिकला आणले. विज्ञानाचा हा विद्यार्थी रात्री प्रयोगशाळेत सिगारेट ओढायला थांबतो, काचेचे भांडे लवंडते, ‘हार्ड वॉटर’ची वाफ त्याच्या नाकातोंडात जाते आणि इस्पितळातून तो जगातला सर्वांत वेगवान माणूस होऊन बाहेर पडतो. (बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे उकळणाऱ्या आपल्या लोकांनी यावर काय बोलावे!) ही शक्ती मिळाल्यावर तो पहिल्यांदा काय करतो? कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात उतरतो, मैत्रिणीवर छाप पाडायला. मग गुंड येतात, गोळ्या झाडतात, हा त्या हवेतच झेलतो. डोक्यावर पंख लावलेले शिरस्त्राण, चेहऱ्यावर मुखवटा नाही.

सुवर्णयुगाची चव या गोष्टीत पुरेपूर आहे. एका अंकात चार-पाच वेगवेगळ्या नायकांच्या गोष्टी असत, प्रत्येकाला थोडी थोडी पाने. हॉकमॅनही याच पहिल्या अंकातला. एवढ्या जागेत माणसाला शक्ती मिळवून द्यायची, खलनायक उभा करायचा आणि आडवाही करायचा. त्यामुळे सगळे दणक्यात उरकते. पुढच्या महिन्यात मागचे काही आठवायची गरज नाही. चित्रेही घाईची आहेत, कारण काढणारी पोरे विशीतली होती आणि पैसे पानावर मिळत. पण त्या घाईत एक जोम आहे. मार्च १९४१ च्या तारखेचा ‘कॅप्टन अमेरिका’चा पहिला अंक अमेरिका युद्धात उतरण्याआधीच विक्रीला आला आणि त्याच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. ही हिंमत जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांची. असे काही सापडले की ते जुने कागद एकदम जिवंत होतात. मात्र सलग तीनशे पाने वाचायला बसाल तर पन्नासाव्या पानावर जांभया येतील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

युद्ध संपले आणि झगेवाल्यांची सद्दी संपली. वाचक गुन्हेगारीच्या, भुताखेतांच्या, प्रेमाच्या कॉमिक्सकडे वळले. ‘फ्लॅश कॉमिक्स’ १०४ व्या अंकावर, फेब्रुवारी १९४९ मध्ये, बंद पडले. हा १०४ आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९५४ साल. फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि सरकारने बडगा उगारायच्या आत प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता करून घेतली. अंकाच्या नावात ‘हॉरर’ शब्द नको, पोलीस-न्यायाधीश यांची अप्रतिष्ठा नको, शेवटी सत्प्रवृत्तीचाच विजय हवा. रक्तपिपासू भुतांना पूर्ण बंदी. भुतांच्या कॉमिक्सचा धंदा बसला तेव्हा प्रकाशक पुन्हा जुन्या सोज्वळ नायकांकडे पाहू लागले. रौप्ययुगाच्या मुळाशी जितकी प्रतिभा आहे तितकीच ही नियमांची कोंडी आहे. ते निरागस युग होते असे म्हणणाऱ्यांनी ती निरागसता शिक्कामोर्तब करून घ्यावी लागत होती हेही सांगावे.

डीसीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. कॉमिक्सच्या धंद्यात येण्याआधी ते विज्ञानकथा लेखकांचे एजंट होते. फ्लॅश पुन्हा काढायचा ठरला तेव्हा त्यांनी जुना जे गॅरिक उचलला नाही. पोरे काही वर्षे कॉमिक्स वाचतात, मोठी होतात आणि सोडून देतात, नव्या वाचकांना जुना फ्लॅश ठाऊकच नाही, तर नाव तेवढे ठेवू आणि माणूस नवा घडवू, असा त्यांचा हिशेब होता. ऑक्टोबर १९५६ च्या ‘शोकेस’ अंक ४ मध्ये बॅरी अॅलन आला. लेखक रॉबर्ट कॅनिगर आणि जॉन ब्रूम, चित्रे कार्माइन इन्फँटिनो यांची. रौप्ययुगाची सुरुवात बहुतेक जाणकार या अंकापासून मोजतात.

हा अंक थोडा जवळून पाहू. बॅरी पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ. तो आरामात बसून वाचतो आहे ते काय, तर जे गॅरिकचे जुने ‘फ्लॅश कॉमिक्स’! म्हणजे आधीच्या युगाचा नायक या युगात नुसते छापील पात्र आहे. वादळी रात्र, खिडकीतून वीज येते, रसायनांच्या कपाटावर कोसळते आणि बॅरी त्यात न्हाऊन निघतो. बाहेर पडून टॅक्सीमागे धावतो तर टॅक्सीच मागे पडते. यानंतरचा प्रसंग मला अजूनही त्या काळातला सर्वांत सुंदर वाटतो. खाणावळीत तो बसला आहे, वाढणारी मुलगी अडखळते आणि तिच्या हातातल्या ताटातले पदार्थ उडतात. बॅरीला ते सारे हवेत स्थिर लटकलेले दिसतात. तो शांतपणे एकेक गोळा करून ताटात परत ठेवतो, आणि त्या मुलीला काही झाल्याचे कळतही नाही. जे गॅरिकच्या गोष्टीत वेग म्हणजे मागे ओढलेल्या चार रेघा होत्या. इथे वेगवान माणसाला जग कसे दिसेल हा प्रश्न कुणीतरी पहिल्यांदा नीट विचारला. रौप्ययुगाला सुवर्णयुगापासून वेगळे काढणारी गोष्ट कुठली, असे मला कुणी विचारले तर मी हे ताट दाखवीन.

यश मात्र एका रात्रीत आले नाही. न खपलेले अंक विक्रेते परत पाठवत, खरा खप कळायला महिने जात. म्हणून ‘शोकेस’मध्ये चार वेळा चाचपणी झाली आणि १९५९ मध्ये फ्लॅशला स्वतःचा अंक मिळाला. त्याचा क्रमांक किती? १०५! दहा वर्षांपूर्वी जिथे थांबले तिथून पुढे. नव्या मासिकाचा पहिला अंक मांडायला विक्रेते नाखूश असत, शंभरी ओलांडलेले मासिक म्हणजे पत असलेले. त्यामुळे बॅरी अॅलनचा ‘अंक पहिला’ शोधायला निघालात तर तो सापडणार नाही.

आता सप्टेंबर १९६१ चा अंक १२३. बॅरी अनाथ मुलांसाठी खेळ करून दाखवतो आहे, दोराच्या जादूचा. शरीर इतक्या वेगाने थरथरवतो की तिथून नाहीसा होतो आणि पोहोचतो दुसऱ्याच एका पृथ्वीवर, जिथे जे गॅरिक खराखुरा आहे, थोडा पोक्त झालेला, संसारी. बॅरी त्याला समजावतो की तुझ्या करामती आमच्याकडच्या गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला स्वप्नात दिसत असाव्यात. आणि ही गोष्ट लिहिणारा कोण? तोच गार्डनर फॉक्स. मुखपृष्ठावर मधे विटांची भिंत, पलीकडे एका माणसावर तुळई कोसळते आहे, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी दोन फ्लॅश एकमेकांना न दिसता त्याला वाचवायला धावत येतात. वाचकांच्या उड्या पडल्या. पुढे दोन पृथ्वींच्या नायकांच्या भेटी दरवर्षीचा सोहळाच झाल्या.

‘सुवर्णयुग’, ‘रौप्ययुग’ ही नावेही प्रकाशकांनी दिलेली नाहीत. ती हौशी वाचकांनी, त्यांच्या हस्तमुद्रित मासिकांतून आणि अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानांतून रुळवली. जुने नायक असेच परत आणाल तर पुढची पिढी या दशकाला चांदीचे म्हणेल, अशा अर्थाचे एका वाचकाचे पत्र १९६६ मध्ये ‘जस्टिस लीग’च्या अंकात छापले गेले होते. तेव्हा या युगांच्या सीमारेषा म्हणजे चाहत्यांनी मागाहून आखलेल्या आहेत, त्यावरून भांडणेही होतात. तुम्ही त्यात पडू नका.

तुमच्या पत्रात नसलेले एक युग मधे आहे, साधारण १९७० ते १९८५ चे कांस्ययुग. आचारसंहिता १९७१ मध्ये सैलावली, गोष्टींत अमली पदार्थ, वर्णद्वेष, प्रियजनांचे मृत्यू आले. स्पायडरमॅनची ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये गेली ती तेव्हाच. बॅरीची बायको आयरिस १९७९ मध्ये मारली गेली, मग बॅरीच्या हातून तिचा मारेकरी मेला आणि बॅरीवरचा खटला अंकामागून अंक जवळजवळ दोन वर्षे चालला. चाहत्यांना तो लांबला याचा वीट आला, पण ताट सावरणारा हसतमुख बॅरी आरोपीच्या पिंजऱ्यात, एवढ्यावरून हवा कशी पालटली होती ते कळते.

दरम्यान १९६१ मध्ये उघडलेल्या त्या दारातून पृथ्वीमागून पृथ्वी आत शिरत होत्या. कोण कुठल्या पृथ्वीवरचा याचा ताळमेळ संपादकांनाही लागेना. शेवटी डीसीने मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्याकडून ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका करवून घेतली (१९८५-८६), सगळ्या पृथ्वी मोडून एकच ठेवली, आणि तिच्या आठव्या अंकात बॅरी अॅलनला मारले. ज्याने रौप्ययुग सुरू केले त्याच्याच मरणाने कांस्ययुग मिटले. लगेच ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि ‘वॉचमन’ आले. आधुनिक युग ते हे.

फ्लॅशचा पोशाख आता वॉली वेस्टच्या अंगावर चढला. वॉली हा आयरिसचा भाचा, १९५९ पासून बॅरीचा छोटा जोडीदार. १९८७ मध्ये त्याचा नवा अंक १ निघाला. लेखक माइक बॅरन. त्यात वॉलीला एका रुग्णासाठी हृदय देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे आहे. बॅरी असता तर ‘लगेच निघतो’ म्हणाला असता. वॉली आधी मोबदला ठरवतो: मला आरोग्यविमा द्या! धावताना त्याला सपाटून भूक लागते, थकवा येतो, वेगही बॅरीइतका उरलेला नाही. आधुनिक युग म्हणजे रक्तपात आणि काळोख, अशी समजूत आहे. तसेही पुष्कळ आहे, नव्वदच्या दशकात तर उबग येईस्तोवर. पण मला या युगाची खरी खूण त्या विम्याच्या मागणीत दिसते. शक्ती असलेल्या माणसाला बिले भरावी लागतात, पोट असते, आणि गेलेल्या माणसाच्या जागी बसल्याचा अवघडलेपणाही असतो.

याला बाजाराचेही कारण आहे. सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने वाढली. ती माल परत पाठवत नसत, म्हणून नेमका तोच घेत जो कट्टर गिऱ्हाइके नेतील. श्वार्ट्झ यांच्या हिशेबातला चार-पाच वर्षांत सोडून जाणारा पोरगा मागे पडला आणि वीस वर्षे न सोडणारा वाचक आला. त्याच्यासाठी लांबलचक गोष्टी, जुने संदर्भ, मागचे न विसरणारे लेखक. नवख्याला आधुनिक कॉमिक्स अवघड वाटतात ती यामुळेच.

मग तरी तिथूनच सुरुवात का? कारण १९९२ मध्ये, अंक ६२ पासून, मार्क वेड यांनी लेखणी हाती घेतली आणि पहिल्या चार अंकांत वॉलीचे बालपण, त्याला वेग देणारा अपघात, बॅरीशी पहिली भेट सगळे नव्याने सांगितले. मागचे काही ठाऊक नसले तरी अडत नाही. त्यानंतर अंक ७४ ते ७९, ‘द रिटर्न ऑफ बॅरी अॅलन’. मेलेला बॅरी एके दिवशी दारात उभा राहतो. पुढचे सांगत नाही, तुम्ही मला शिव्या द्याल. पण त्यात म्हातारा जे गॅरिकही आहे, कारण आता पृथ्वी एकच. तिन्ही युगे एका गोष्टीत भेटतात, आणि कोण कुणाला कसे वागवतो यातून तुम्हाला त्यांची ओळख होते, इतिहासाचा पाठ न गिरवता. हे वाचून झाले की ‘शोकेस’ ४ आणि अंक १२३ वेगळ्याच मायेने वाचाल. दोन्ही तुम्हाला दाखवलेल्या दुसऱ्या पुस्तकात असायला हवेत, अनुक्रमणिका पाहून खात्री करा.

खरेदी करताना ‘अंक १’ या शब्दांना भुलू नका. फ्लॅशचा नवा ‘अंक १’ १९८७, २०११, २०१६ आणि २०२३ अशा निरनिराळ्या साली निघाला आहे. (बॅरी २००८ मध्ये परत आला आणि २०११ पासून डीसीने सगळीच पाटी पुसली, पण तो गुंता तुम्हाला आत्ता नको.) पुस्तक उघडा, आतल्या पानावर बारीक अक्षरात मूळ अंक कुठले आणि कोणत्या साली आले ते छापलेले असते. तेवढे वाचले की झाले. तेही नसेल तर मधले कुठलेही पान पाहा. चित्रात दिसते तेच चौकटीत शब्दांनी पुन्हा सांगितले असेल आणि गोष्ट दहा-पंधरा पानांत संपत असेल, तर ते जुने. शब्द कमी, नायक स्वतःशी बोलतोय आणि अंक अर्ध्यात तुटतोय, तर ते नंतरचे.

प्रश्न : मला मार्व्हल आवडते. हाच क्रम तिथे चालेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : नाही, तिथे रौप्ययुगापासूनच सुरू करा. मार्व्हलचे आजचे घर १९६१ च्या ‘फँटॅस्टिक फोर’वर उभे आहे आणि ते नायक आरंभापासूनच भांडणारे, पैशांची चणचण असलेले, म्हणजे डीसीला जे १९८७ मध्ये सुचले ते यांच्याकडे आधीच होते. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे पहिले अडतीस अंक हा सरळ रस्ता आहे. घाई असेल तर ३१ ते ३३ हे तीनच वाचा. शेवटच्यात पीटर टनावारी वजनाच्या यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळते आहे, काकूचे औषध हाताच्या अंतरावर पडले आहे. डिटको ते यंत्र उचलण्याला पानेच्या पाने देतो, चौकटी मोठ्या होत जातात आणि शेवटी एक अख्खे पान. शब्द तिथेही जास्त आहेत, कारण डिटको आधी चित्रे काढून देई आणि ली मागाहून फुगे भरत असे. एखाद्या पानावर फुगे झाकून नुसती चित्रे पाहा, गोष्ट तरीही कळते.

प्रश्न : सगळे म्हणतात ‘वॉचमन’ वाच, बाकी सोड. तसे करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाचा, पण पहिले नको. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी त्यात बहुतेक पाने नऊ सारख्या चौकटींत बांधली आहेत आणि नायकांच्या दोन पिढ्या उभ्या केल्या आहेत, एक १९४० च्या सुमाराची, दुसरी साठच्या दशकातली. म्हणजे ते पुस्तक सुवर्ण आणि रौप्य युगांवरचेच भाष्य आहे. ज्या नायकांची त्यात चिरफाड होते ते धडधाकट असताना कसे दिसत हे माहीत नसेल तर निम्मी टोचणी वाया जाते. बॅरीच्या दहा-बारा गोष्टी आधी वाचा. त्यात हवेतून ताट सावरणारा माणूस भेटला की मग ‘वॉचमन’मधला निळा डॉक्टर मॅनहॅटन, ज्याला कुणाच्या ताटाशी देणेघेणे उरलेले नाही, तुम्हाला किती थंड आहे ते कळेल. मुलांसाठी घेणार असाल तर मात्र तो विचार सोडा. ते मोठ्यांचे पुस्तक आहे, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला बॅरी अॅलन जास्त आवडेल.